पुरवठादार सभासदांसाठी : ऑनलाइन खरेदी आदेश आणि बिलाचा नमुना



कारखान्याच्या खरेदी विभागाने पुरवठादारांसाठी काढलेली सूचना सर्व गट कार्यालयांच्या फलकांवर लागली आहे. तिचा मजकूर थोडक्यात असा :

"कारखान्यास माल अगर सेवा पुरविणाऱ्या सर्व पुरवठादारांस कळविण्यात येते की, यापुढे सर्व खरेदी आदेश ऑनलाइन पोर्टलवरूनच देण्यात येतील. आदेश क्रमांकाशिवाय आलेला माल स्वीकारला जाणार नाही. बिल विहित नमुन्यातच सादर करावे. खरेदी आदेश, जमा पावती व बिल यांत तफावत आढळल्यास बिल परत केले जाईल. तोंडी अगर फोनवरून दिलेली ऑर्डर ग्राह्य धरली जाणार नाही."

ही सूचना लागल्यापासून शेतकी ऑफिसात येणारा प्रत्येक दुसरा माणूस एकच प्रश्न विचारतो, "साहेब, आता उसालाही बिल लावायचं का?" तर त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. उसाचा आणि या पोर्टलचा संबंध नाही. उसाची नोंद, तोडणी, वजनकाट्याची पावती हे सगळे पूर्वीसारखेच चालेल. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे देण्याचा जो नियम आहे, तोही तसाच आहे. त्यासाठी कोणी बिलबुक छापायला टाकू नये.

मग ही सूचना आपल्यापैकी कोणाला लागू आहे? जे सभासद उसाखेरीज दुसरे काही कारखान्याला देतात त्यांना. असे लोक पुष्कळ आहेत. कोणाची रोपवाटिका आहे, कोणाच्या मुलाचे वेल्डिंगचे शेड आहे, कोणी नटबोल्ट नि सुटे भाग पुरवतो. शेतकी विभागाचा रोजचा संबंध रोपवाटिकावाल्यांशी येतो, आणि नव्या पद्धतीत पहिली अडचण त्यांचीच होणार, म्हणून रोपांचेच उदाहरण घेऊन सांगतो. बाकीच्यांनी रोपांच्या जागी आपापला माल धरून वाचावे.

आजपर्यंतची रीत आपल्याला ठाऊक आहे. शेतकी मदतनीस फोन करायचा, "दादा, वीसेक हजार रोपं लागतील, को 86032 ची, सोमवारपासून गाड्या लावा." दादा गाड्या लावायचे. सभासदाच्या बांधावर रोपे पडायची, लागण व्हायची, आणि महिना-दीड महिन्याने दादा वहीचे पान फाडून बिल आणायचे. तेव्हा अकाउंट विभाग विचारायचा की ऑर्डर कुठे आहे? ऑर्डर फोनवर होती, आणि फोन करणारा मदतनीस दुसऱ्या गटावर बदलून गेलेला.

हे मी ऐकीव सांगत नाही. पूर्वी एका ठिकाणी नोकरीत असताना मी स्वतः अशी तोंडी ऑर्डर दिली होती. हंगाम सुरू, लागणीची घाई, कागद नंतर करू म्हटले. ते नंतर झालेच नाही. त्या माणसाचा माल खरा होता, रोपे चांगली होती, ऊसही चांगला आला. पण लेखापरीक्षकाला दाखवायला कागद नव्हता, म्हणून पैसे पुढच्या हंगामापर्यंत अडकले. तो माणूस मला काही बोलला नाही, पण रस्त्यात भेटला की नजर चुकवायचा. चूक माझी होती आणि भोगली त्याने. तेव्हापासून फोनवरच्या ऑर्डरची मला धास्ती आहे.

आता नव्या पद्धतीत काय होते ते पाहू. अकाउंट विभागाला बिल मंजूर करताना तीन कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. पहिला खरेदी आदेश, म्हणजे कारखान्याने काय, किती आणि कोणत्या दराने मागितले. दुसरी जमा पावती, म्हणजे प्रत्यक्षात चांगला माल किती मिळाला. तिसरे पुरवठादाराचे बिल, म्हणजे तो किती पैसे मागतो. पूर्वी हा ताळा कारकून डोळ्याने घालत असे, काही कमीजास्त असले तर पेन्सिलीने दुरुस्त करून घेई. आता हा ताळा पोर्टल घालते. पोर्टलला पेन्सिल चालत नाही. आदेशातला दर आणि पावतीतला नग यांच्यापेक्षा बिलात काही जास्त असेल, तर ते सबंध बिल थांबते. जास्तीचे तेवढे बाजूला ठेवून उरलेले मंजूर करावे, हे त्याला कळत नाही. सगळी गोम येथेच आहे, म्हणून एक हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. दर उदाहरणापुरता आहे.

समजा, आपल्या एका सभासद आबांच्या रोपवाटिकेला 21,000 रोपांचा आदेश निघाला. दर नगास 2 रुपये 50 पैसे, माल रोपवाटिकेवर उचल. आदेश निघताच आबांच्या नोंदवलेल्या मोबाईलवर संदेश येतो. पोर्टल उघडले की आदेश दिसतो आणि खाली `Accept` असे बटण असते. ते दाबल्याशिवाय आदेश पक्का होत नाही. दाबण्याआधी चार गोष्टी वाचायच्या : जात कोणती, नग किती, दर किती, आणि माल कुठे द्यायचा. "रोपवाटिकेवर" असेल तर टेंपोचे भाडे उचलणाऱ्याचे. "बांधावर पोच" असेल तर भाडे त्या दरातच आले. दर पटला नाही, किंवा भाडे वेगळे हवे असेल, तर बटण न दाबता शेतकी ऑफिसला कळवावे. आदेश दुरुस्त करून मिळतो. एकदा स्वीकारल्यावर आणि माल गेल्यावर दुरुस्ती होत नाही.

आबांनी बटण दाबले आणि तीन खेपांत माल दिला. पहिल्या खेपेला 200 ट्रे, दुसऱ्या खेपेला 200, तिसऱ्या खेपेला 100. एका ट्रेमध्ये 42 कप, म्हणजे 500 ट्रेमध्ये 21,000 कप. आबांच्या हिशेबाने आदेश पुरा झाला.

पण कप म्हणजे रोप नव्हे. रोपवाटिकावाल्यांना हे मी शिकवायला नको. एक डोळ्याच्या कांड्या ट्रेत लावल्या की काही डोळे फुटत नाहीत, काही रोपे फुटून मरतात, काही इतकी बारीक राहतात की शेतात टिकणार नाहीत. खेप उतरताना शेतकी मदतनीस रिकामे कप आणि बाद रोपे मोजून वजा करतो आणि उरलेली रोपे जमा पावतीवर घेतो. आबांच्या पहिल्या खेपेत 8,400 पैकी 8,090 रोपे धरली गेली, दुसऱ्या खेपेत 8,400 पैकी 8,215, तिसऱ्या खेपेत 4,200 पैकी 4,120. तिन्ही मिळून 20,425. पावती त्याच दिवशी पोर्टलवर चढते आणि आबांना घरबसल्या दिसते.

आबांनी ती पाहिली नाही. त्यांनी आपल्या सवयीने बिल केले : "उसाची रोपे 500 ट्रे, दर 105 रुपये, एकूण 52,500. टेंपो भाडे 1,800. एकंदर 54,300." हे बिल पोर्टलवर चढवले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. आबा ऑफिसात आले ते तापूनच. "साहेब, रोपं लावून झाली, ऊस गुडघ्याला लागला, आणि तुमचं मशीन म्हणतं बिल चुकलं! बेचाळीस गुणिले अडीच एकशे पाचच होतात ना?"

होतात. आबांचा गुणाकार बरोबर होता. पण आदेश "नग" मध्ये होता आणि बिल "ट्रे" मध्ये. एका ट्रेत बेचाळीस रोपे असतात हे आबांना माहीत, मला माहीत, पोर्टलला नाही. त्याने पाहिले की आदेशात दर अडीच रुपये आणि बिलात एकशे पाच. तिथेच ते थांबले. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की नुसते परिमाण बदलूनही भागले नसते, कारण पावतीवर 20,425 रोपे आणि आबांचे मागणे 21,000 चे. तिसरी चूक टेंपो भाड्याची. आदेश रोपवाटिकेवर उचल असा होता, त्यात भाड्याची ओळच नाही. आबांनी शेजारधर्म म्हणून स्वतःचा टेंपो दिला, ते चांगलेच केले, पण ते भाडे ज्याच्या शेतात रोपे गेली त्याच्याकडून घ्यायचे होते.

बरोबर हिशेब असा : 20,425 गुणिले 2.50, म्हणजे 51,062 रुपये 50 पैसे. आबांनी मागितले होते 54,300. फरक 3,237 रुपये 50 पैशांचा. त्यातले 1,437.50 न आलेल्या 575 रोपांचे आणि 1,800 भाड्याचे. या सव्वातीन हजारांपायी हक्काचे एक्कावन्न हजार अडकून बसले.

आता त्या 575 रोपांचे काय? येथे दोन मार्ग आहेत. आदेशाची मुदत शिल्लक असेल तर तेवढी रोपे चौथी खेप म्हणून द्यावीत. लागण केलेल्याला नांग्या भरायला ती लागतातच. मात्र ती त्याच जातीची आणि योग्य वयाची हवीत, उरलीसुरली म्हातारी रोपे मदतनीस घेणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे, "शिल्लक नग रद्द करावेत" असे कळवून आदेश बंद करून घेणे. यांपैकी काहीच केले नाही, तर आदेश अर्धवट उघडा दिसत राहतो.

याच्या उलटही एक गोष्ट आहे आणि ती जास्त घातक. बिल पावतीपेक्षा जास्त असेल तर परत येते, निदान आपल्याला कळते तरी. पण कमी असेल तर ते मुकाट्याने मंजूर होते. समजा, आबांनी तिसरी खेप विसरून 16,305 रोपांचेच बिल केले असते, तर पोर्टलने हूं की चूं केले नसते. 4,120 रोपांचे दहा हजार तीनशे रुपये बिल न झालेले म्हणून पडून राहिले असते. म्हणून बिल करण्याआधी पोर्टलवर सगळ्या जमा पावत्या दिसतात का ते मोजावे. तीन खेपा दिल्या आणि दोनच पावत्या दिसल्या, तर बिल करू नये. आधी खेपेच्या चलनाची प्रत घेऊन गट कार्यालयात यावे. त्यासाठी चलनावर उतरून घेणाऱ्याची सही तिथल्या तिथे, टेंपो निघायच्या आत घ्यावी.

आता बिलाचा नमुना. आबांनी दुरुस्त करून दिलेले बिल साधारण असे होते :

पुरवठादाराचे नाव व पत्ता (पोर्टलवर नोंदवलेले, तेच)
बिल क्रमांक : `RV/25-26/012`    दिनांक :
प्रति : कारखान्याचे पूर्ण नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक
खरेदी आदेश क्रमांक : `CD-0417`
जमा पावत्यांचे क्रमांक : तिन्ही खेपांचे
मालाचे वर्णन : उसाची रोपे, को 86032
एचएसएन : 0602    परिमाण : नग (`NOS`)
नग : 20,425    दर : 2.50    रक्कम : 51,062.50
कर : निरंक
अक्षरी : एक्कावन्न हजार बासष्ट रुपये पन्नास पैसे फक्त
सही

यातल्या थोड्याच गोष्टींविषयी सांगतो, बाकी वाचून कळतील. बिल क्रमांक हा 16 अक्षरांच्या आत हवा आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दुसऱ्यांदा येता कामा नये. हा जीएसटी नियमांतला दंडक आहे. तो नोंदणीवाल्यांसाठी असला तरी पोर्टलने सर्वांना एकच लावला आहे. पुष्कळ लोक नवे बिलबुक घेतले की पुन्हा "1" पासून सुरुवात करतात. पोर्टल म्हणते, एक नंबरचे बिल तर तुम्ही आधीच दिले आहे. म्हणून पुस्तक बदलले तरी क्रमांक पुढेच चालवावा आणि 1 एप्रिलला नवा सुरू करावा.

"कर : निरंक" याचा अर्थही समजून घ्यावा. रोपांवर जीएसटी नाही. जो फक्त असाच करमुक्त माल विकतो त्याला जीएसटीची नोंदणी करण्याचीही गरज नाही. तेव्हा नंबर नाही म्हणून बिल घेणार नाहीत, ही भीती मनातून काढून टाकावी. पोर्टलवर नोंदणी करताना "जीएसटी नोंदणी नाही" असा पर्याय आहे, तो निवडावा. काही जण गावातल्या ओळखीच्या दुकानदाराचे जीएसटीचे बिल फाडून आणतात आणि आपला माल त्याच्या नावावर दाखवतात. तसे मुळीच करू नये. माल न देता बिल देणे हा त्या दुकानदाराचा गुन्हा ठरतो, आणि पैसेही त्याच्याच खात्यावर जातात.

खात्याचा विषय निघालाच आहे. रोपवाटिकावाल्यांच्या पहिल्या नोंदणीत सर्वांत जास्त घोळ नावांचा झाला. सभासदत्व वडिलांचे, रोपवाटिका मुलगा चालवतो, आणि बँकेचे पासबुक सूनबाईंचे. घरात सगळे एकच, पण आदेश ज्याच्या नावाने निघाला त्याच्याच नावाचे बिल, त्याचाच पॅन आणि त्याचेच खाते लागते. घरात बसून एकदाच ठरवावे की रोपवाटिका कोणाच्या नावाने चालवायची, आणि चारही ठिकाणी ते एकच नाव, पॅन कार्डावर ज्या स्पेलिंगने आहे तसेच द्यावे. मोबाईल नंबरही विचार करून द्यावा. एका सभासदाने पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा नंबर दिला. आता आदेश आला की ओटीपी पुण्याला जातो, मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि इकडे ट्रेतली रोपे वाढत राहतात.

ही रोपे वाढत राहण्याची बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रोप साधारण महिन्याचे झाले की शेतात जायला तयार असते. त्यापुढे आठ-पंधरा दिवस निघतात, पण मग मुळ्या कपात गुंडाळतात, पाने पिवळी पडतात, आणि तशी रोपे उतरताना बाद होतात. आदेश आल्यावर तो आठवडाभर कोणी उघडलाच नाही, तर ते नुकसान शेवटी जमा पावतीच्या आकड्यात दिसते. आमच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आदेश काढायला ऑफिसकडून उशीर झाला, तरी रोपे थांबत नाहीत. म्हणून ट्रे भरतानाच, म्हणजे रोपे तयार होण्याच्या महिनाभर आधी, जात आणि अंदाजे नग गट कार्यालयात कळवून ठेवावेत. तेवढा अवधी आदेशाला पुरतो.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, म्हणजे वर्कशॉपवाले किंवा सुटे भाग पुरवणारे, त्यांच्यासाठी थोडे वेगळे. समजा 40,000 रुपयांचे नटबोल्ट दिले. त्यावर 18 टक्के, म्हणजे केंद्राचा 3,600 आणि राज्याचा 3,600 असा कर धरून बिल 47,200 चे होते. हे 7,200 कारखाना तुम्हाला देतो आणि नंतर आपल्या करातून वजा करून घेतो. पण 1 जानेवारी 2022 पासून असा नियम आहे की, पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले असेल तरच कारखान्याला वजावट मिळते. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत ते भरले, की 14 तारखेला ते कारखान्याच्या यादीत दिसते.

छोटे पुरवठादार बहुधा तिमाही विवरण भरतात, आणि अडचण तिथे येते. एप्रिलचे बिल जुलैत विवरणात गेले, तर कारखान्याला ते जुलैच्या मध्यात दिसणार. तोवर कराची रक्कम रोखून ठेवण्याचे खरेदी विभागाने ठरवले आहे. मालाची किंमत मात्र अडवली जात नाही. तिमाहीवाल्यांना पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत आगाऊ चढवण्याची सोय सरकारने ठेवली आहे. आपल्या कर सल्लागाराला एवढेच सांगावे की कारखान्याचे बिल तिमाहीची वाट न पाहता आयएफएफमध्ये चढवा. त्याला ते बरोबर कळते.

परत आलेल्या बिलाविषयी शेवटचे. बिल परत आले की पोर्टलवर त्याच्यासमोर शेरा असतो : दर जुळत नाही, नग जुळत नाहीत, पावती नाही, किंवा नावात फरक. आधी शेरा वाचावा. तेच बिल नुसते पुन्हा चढवू नये, ते पुन्हा परतच येणार आणि दिवस जाणार. दर जुळत नसेल तर परिमाण तपासावे, दहातल्या आठ वेळा ट्रे आणि नग हाच घोटाळा निघतो. पावती नाही असा शेरा असेल, तर ती चूक आमच्याकडची आहे. चलनाची प्रत दाखवा, पावती चढवण्याचे काम आमचे.

ज्यांच्याकडे संगणक नाही किंवा ज्यांना मोबाईलवर हे जमत नाही, त्यांनी गट कार्यालयात यावे. येताना खेपांची चलने, पॅन कार्ड, पासबुकाची प्रत आणि नोंदवलेला मोबाईल चार्ज करून सोबत आणावा. गेल्या आठवड्यात एकजण सगळे कागद घेऊन आले आणि फोन घरी चार्जिंगला लावून आले. ओटीपी घरी वाजला, आणि त्यांना आठ किलोमीटर परत जावे लागले.

ऊस विकास अधिकारी